‘चालत नाही’ एवढंच कळतं, तेव्हा

महिनाअखेरची दुपार. तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेतून पुण्यातल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीच्या सपोर्टच्या नंबरावर व्हॉट्सॲप येतं: ‘रिपोर्ट चालत नाही. अर्जंट बघा.’

इकडून विचारणा होते, ‘कुठला रिपोर्ट?’ उत्तर येतं, ‘नेहमीचा.’ ‘एरर काय येतेय?’ ‘एरर काही नाही, चालतच नाहीये.’ ‘व्हर्जन कुठलं?’ ‘लेटेस्ट.’ एवढ्यात वीस मिनिटं जातात. तिकडे मॅनेजर टेबलाशी येऊन उभे राहिलेले असतात, इकडे सपोर्टचा मुलगा कपाळाला हात लावून बसलेला असतो. ही पतसंस्था आणि ही कंपनी नमुन्यादाखल घेतली आहे, पण असा संवाद ज्याच्या वाट्याला आला नाही असा सपोर्टवाला शोधूनही सापडणार नाही.

अशा तक्रारीला हसायची पद्धत आहे. खरं तर ती लिहिणाऱ्या बाईंच्या जागेवरून पाहिलं तर ती पूर्ण आहे. त्या दिवसभरात एकच रिपोर्ट काढतात, म्हणून तो ‘नेहमीचा’. पडदा त्यांच्या समोर आहे, त्यामुळे तो समोरच्याला दिसत नाही हे ध्यानात येत नाही. आणि हवं होतं ते हाती आलं नाही, म्हणून ‘चालत नाही’. तक्रार खोटी नाही. तिच्यात फक्त निष्कर्ष आहे आणि जे डोळ्यांनी पाहिलं ते गाळलेलं आहे. पहिल्या प्रश्नांचं काम ते गाळलेलं परत मिळवण्याचं.

पुटी हा प्रोग्रॅम जगभरचे सिस्टिमवाले वापरतात. तो लिहिणारे ब्रिटिश प्रोग्रॅमर सायमन टॅथम यांनी 1999 मध्ये बग कसा कळवावा यावर एक निबंध लिहिला. त्यांचा मुद्दा साधा आहे: प्रोग्रॅम बिघडताना तो प्रोग्रॅमरला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता आला पाहिजे. ते शक्य नसेल, तर निदान काय केलं आणि काय दिसलं हे इतकं तपशिलात कळावं की त्याला तोच बिघाड आपल्या टेबलावर घडवून आणता येईल. कारण काय असेल याचा अंदाज सांगायला टॅथम यांची हरकत नाही, पण लक्षणं सांगण्याऐवजी अंदाज सांगू नये, असा त्यांचा आग्रह आहे. ‘सर्व्हर डाउन आहे’ हा अंदाज झाला. ‘पांढरा पडदा आला आणि मधे गोल फिरत राहिलं’ हे लक्षण.

एकाच शब्दाखाली किती वेगवेगळे आजार दडतात हे पाहायचं, तर ‘वेबसाइट उघडत नाही’ ही तक्रार घ्यावी. अशा वेळी क्रोम ब्राउझर पानावर बारीक अक्षरांत एक सांकेतिक ओळ दाखवतो आणि ती कोणीही वाचत नाही. तिथे `ERR_NAME_NOT_RESOLVED` असेल तर त्या नावाचा पत्ताच सापडलेला नाही. नाव चुकीचं टाइप झालं असेल, किंवा नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा अडली असेल. `ERR_CONNECTION_REFUSED` असेल तर पत्ता सापडला आहे, पण पलीकडून जोडणी नाकारली गेली आहे. बहुतेक वेळा तिथली सेवा बंद पडलेली असते. `ERR_CONNECTION_TIMED_OUT` म्हणजे हाक मारून मारून वेळ संपली आणि पलीकडून ना होकार आला ना नकार. यातली पहिली अडचण बऱ्याचदा वापरणाऱ्याच्याच बाजूला निघते, दुसरीसाठी सर्व्हरवाल्याला उठवावं लागतं, तिसरीत मधला रस्ता तपासावा लागतो. कामाला लागणारा माणूसच तिन्ही वेळी वेगळा.

याच कुळातली चौथी ओळ मोठी मजेदार आहे: `NET::ERR_CERT_DATE_INVALID`. जुन्या कॉम्प्युटरवर एके सकाळी बँकेची साइट उघडत नाही, मेल उघडत नाही, काहीच उघडत नाही, आणि सगळीकडे ही ओळ. अशा वेळी कोपऱ्यातलं घड्याळ पाहावं. तिथे बऱ्याचदा भलतंच जुनं साल दिसतं. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपलेला असतो, वीज गेली की मशीन तारीख विसरतं, आणि साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र त्या जुन्या तारखेला अजून लागूच झालेलं नसतं. ‘इंटरनेट चालत नाही’ म्हणून आलेल्या तक्रारीचं उत्तर CR2032 नावाच्या सेलमध्ये निघतं. ती ओळ कोणी वाचून दाखवली नसती, तर आधी राउटर बदलला गेला असता.

म्हणून पडद्यावर आलेला मजकूर जसाच्या तसा हवा, त्याचा मथितार्थ नको. ‘काहीतरी कनेक्शनचं लिहिलं होतं, मी ओके केलं’ या वाक्यात वरच्या तीन ओळींतली कुठलीही बसते.

आता पुन्हा त्या पतसंस्थेकडे. समजा, सपोर्टला दुसरी कोणी अनुभवी मुलगी बसली आहे. ती ‘एरर काय?’ असं विचारतच नाही, कारण एरर आलीच असेल हे तिने गृहीत धरलेलं नाही. ती फोन लावते आणि म्हणते, “मॅडम, रिपोर्टसाठी तुम्ही पहिल्यांदा कुठे क्लिक करता तिथून सांगा. मी इकडे तुमच्याबरोबर तेच करते.”

बाई सांगू लागतात. थकबाकी यादी उघडली, तारीख टाकली, ‘एक्सेल’चं बटण दाबलं. “फाइल आली का?” आली. “डबल क्लिक केल्यावर उघडली का?” उघडली. “मग अडतंय कुठे?” “अहो, नावं वाचता येत नाहीत. सगळी वाकडीतिकडी अक्षरं.”

एवढ्या बोलण्यात निम्मा प्रश्न सुटला. सर्व्हर चालू आहे, रिपोर्ट तयार होतो, डाउनलोड होतो, उघडतो. संशयाच्या घेऱ्यातून चार गोष्टी बाहेर पडल्या. उरलं ते ‘वाकडीतिकडी’, आणि या शब्दावर विसंबून पुढे जाण्यात अर्थ नाही. ती फोटो मागते. फोटोत ‘नाव’ या रकान्याच्या डोक्यावर हे दिसतं:

```
à¤¨à¤¾à¤µ
```

मराठी मजकूर हाताळणाऱ्या माणसाला हे पाहताक्षणी ओळखू येतं. युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवलं जातं. ‘नाव’मध्ये चिन्हं तीन: न, काना आणि व. म्हणजे नऊ बाइट. वरच्या ओळीतली अक्षरं मोजली तर तीही नऊच भरतात. एक्सेलने प्रत्येक बाइट हे स्वतंत्र युरोपीय अक्षर आहे असं धरून वाचलं. देवनागरी चिन्हांचे पहिले दोन बाइट बहुतांशी तेच ते असल्यामुळे `à¤` ही जोडी पुन्हा पुन्हा येते, आणि तीच या दुखण्याची खूण. माहिती शाबूत आहे, वाचणारा चुकतो आहे.

फोटो का हवा, ते इथे कळतं. बाईंनी ज्याला ‘वाकडीतिकडी अक्षरं’ म्हटलं, त्याच शब्दांत आणखी तीन दृश्यं सांगितली जातात. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत असतील तर माहिती बरोबर आहे, त्या मशीनवर देवनागरी दाखवणारा फॉन्ट नाही. ओळीने प्रश्नचिन्हं `????` दिसत असतील तर मामला गंभीर. कुठल्या तरी टप्प्यावर साठवतानाच मराठी अक्षरं फेकून दिली गेली, त्या प्रतीतून ती परत येणार नाहीत आणि मूळ नोंदीच गाठाव्या लागतील. आणि इंग्रजी अक्षरांची नुसतीच खिचडी दिसत असेल तर बहुधा मजकूर युनिकोडमध्ये नाहीच. तो कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेला आहे आणि तो फॉन्ट लावल्याशिवाय मराठी दिसणार नाही. छापखाने आणि सरकारी कचेऱ्यांतल्या जुन्या फायलींमध्ये हे अजून सर्रास आढळतं. दृश्यं चार, उपाय चार, आणि तक्रार सगळ्यांची एकच.

मुलगी आता दोन गोष्टी करायला सांगते. तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडा. तिथे नावं स्वच्छ मराठीत दिसतात. मग कॅशिअरच्या कॉम्प्युटरवर उघडून पाहा. तिथेही नीट! बाई चमकतात, पण कॅशिअरकडे एक्सेल नाही, लिब्रेऑफिस आहे. त्यात अशी फाइल उघडताना मजकूर कुठल्या पद्धतीचा आहे हे विचारणारी चौकट आधी येते आणि तिथे यूटीएफ-8 निवडलेलं असतं. एक्सेल डबल क्लिकवर काही विचारत नाही. फाइलच्या सुरुवातीला खूण नसेल तर ते विंडोजची ठरलेली जुनी पद्धत धरून वाचायला लागतं. ‘दुसऱ्या मशीनवर होतं का?’ हा प्रश्न म्हणूनच मोलाचा. दोन मशीनमधला फरक शोधायचा, कारण बहुधा त्या फरकातच असतं.

तात्पुरता उपाय लगेच सांगता येतो. फाइल डबल क्लिकने उघडू नका. एक्सेलमध्ये `Data`, मग `From Text/CSV`, आणि `File Origin` मध्ये `65001: Unicode (UTF-8)` निवडा. आणि वाकडी अक्षरं दिसत असताना चुकूनही सेव्ह करू नका. मॅनेजरना यादी मिळते, दुपारचं निभावतं.

पण मागच्या महिन्यापर्यंत डबल क्लिकने सगळं नीट येत होतं ना? मग आता काय झालं? “मधे काही बदललं का?” या प्रश्नाला ठरलेलं उत्तर येतं, “छे, आम्ही काहीच केलं नाही.” ते खरंही असतं, त्यांनी काही केलेलं नसतं. सॉफ्टवेअर रात्री आपणहून अपडेट झालेलं असतं. मुलगी आता ‘व्हर्जन कुठलं?’ असं न विचारता सांगते, “खाली उजव्या कोपऱ्यात बारीक आकडे आहेत, ते वाचून दाखवा.” आकडे नव्या आवृत्तीचे निघतात. कंपनीतल्या प्रोग्रॅमरने त्या आवृत्तीत फाइल लिहिण्याचा भाग नव्याने केला होता आणि आधी असलेली चार अक्षरं त्यात गळली होती. दुरुस्ती एका ओळीची:

```python
open("yadi.csv", "w", encoding="utf-8-sig", newline="")
```

`utf-8` च्या जागी `utf-8-sig` लिहिलं की फाइलच्या तोंडाशी तीन बाइटांची एक खूण बसते आणि एक्सेलला कळतं की पुढचा मजकूर यूटीएफ-8 आहे. फोटो आणि आवृत्तीचा आकडा आल्यापासून प्रोग्रॅमरला पाच मिनिटांचं काम होतं. नुसत्या ‘रिपोर्ट चालत नाही’वर त्याने सर्व्हरचे लॉग चाळले असते आणि तिथे त्याला काहीही सापडलं नसतं, कारण सर्व्हरच्या लेखी सगळं यशस्वी झालं होतं.

‘लेटेस्ट’ या उत्तराविषयी दोन शब्द सांगायलाच हवेत. ते खोटेपणाने दिलं जात नाही, पण त्यातून काहीच हाती लागत नाही. गूगल प्ले स्टोअरवर नवी आवृत्ती एकदम सगळ्यांना न देता आधी ठरावीक टक्के लोकांनाच देण्याची सोय आहे. म्हणजे एकाच दिवशी शेजारी बसलेल्या दोघांच्या फोनवर ‘अपडेट उपलब्ध नाही’ असं दिसतं, आणि तरी दोघांच्या आवृत्त्या वेगळ्या असू शकतात. आकडाच हवा. आणि तो कुठे सापडतो हे विचारणाऱ्यानेच सांगावं. विंडोजचा हवा असेल तर स्टार्टमध्ये `winver` टाइप करायला लावावं, एक्सेलचा हवा असेल तर `File` आणि मग `Account` दाखवावं. जिथे बोट ठेवता येत नाही अशी माहिती मागितली की माणूस अंदाज सांगतो.

‘काय बदललं?’ या प्रश्नाची ताकद दाखवणारी एक खरी हकिकत संगणकवाल्यांच्या जगात प्रसिद्ध आहे. ट्रे हॅरिस या सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरनी ती 2002 मध्ये लिहिली. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या एका विद्यापीठात ते मेलची व्यवस्था पाहत असताना संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांचा फोन आला: आमच्याकडून पाचशे मैलांपलीकडे मेल जात नाही. तक्रार ऐकून कोणीही फोन ठेवला असता. पण ते संख्याशास्त्रज्ञ. त्यांनी काही दिवस नोंदी जमवल्या होत्या, कुठे मेल पोचतं आणि कुठे नाही याचा नकाशाच काढून घेतला होता. हॅरिस यांनी स्वतः तपासलं. न्यूयॉर्कला, सुमारे 420 मैलांवर, मेल गेलं. प्रॉव्हिडन्सला, 580 मैलांवर, नाही.

मधे काय बदललं, तर एका सल्लागाराने सर्व्हरवर अपडेट चढवून तो पुन्हा सुरू केला होता. मेलला आपण हात लावला नाही, असं त्याचं म्हणणं होतं. हॅरिस यांनी मेल सर्व्हरशी थेट जोडणी केली तेव्हा त्याने स्वतःची ओळख सांगितली, आणि घोळ तिथेच कळला. ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट करताना सेंडमेल हा मेलचा प्रोग्रॅम आठव्या आवृत्तीवरून पाचव्यावर घसरला होता, सेटिंगची फाइल मात्र आठव्याचीच राहिली होती. जुन्या प्रोग्रॅमला नव्या सेटिंग कळल्या नाहीत. पलीकडच्या सर्व्हरची किती वेळ वाट पाहायची, याचा आकडा शून्य झाला. त्या मशीनवर व्यवहारात शून्य म्हणजे तीन मिलिसेकंदांहून जरा जास्त. एवढ्या वेळात प्रकाश सुमारे 558 मैल जातो.

ही गोष्ट सांगताना सहसा प्रकाशाच्या वेगाचं कौतुक होतं. त्याहून मोलाचं आहे ते प्रमुखांचं वागणं. ‘मेल चालत नाही’ एवढं सांगून ते मोकळे झाले नाहीत, आणि हास्यास्पद वाटेल म्हणून आपलं निरीक्षण त्यांनी दडवलंही नाही. कुठे चालतं आणि कुठे नाही, दोन्ही सांगितलं. नुसत्या न चालण्याच्या यादीतून पाचशे मैलांची रेषा दिसलीच नसती.

हे सगळं एका फॉर्ममध्ये भरून घ्यावं, असं मोठ्या कंपन्यांना वाटतं. मोझिलाच्या बगझिला या नोंदवहीत तीन मुख्य शीर्षकं असायची: कोणत्या पायऱ्या केल्या, काय झालं, काय व्हायला हवं होतं. तिसरं शीर्षक लोकांना फाजील वाटतं, पण पतसंस्थेच्या बाईंची तक्रार ‘यादीत पाटलांचं खातं येत नाही’ अशी असती तर सगळा निकाल त्यावरच लागला असता. त्यांना आजची थकबाकी हवी आहे आणि प्रोग्रॅम मागच्या महिनाअखेरची दाखवतो. दोघंही बरोबर, फक्त बटणावरचं नाव चुकलेलं.

बगझिलात तक्रार निकाली काढण्याचा एक शेराही आहे, `WORKSFORME`. म्हणजे माझ्याकडे तर चालतं. पायऱ्या आणि आवृत्ती न सांगितलेल्या तक्रारीचा शेवट बऱ्याचदा असल्या शेऱ्यावर होतो आणि तक्रार करणारा चिडतो. त्याचं चिडणं रास्त आहे, कारण त्याच्याकडे बिघाड तसाच राहिलेला असतो. मात्र फॉर्म तीन रकान्यांवरून पंधरावर नेला आणि सगळे रकाने सक्तीचे केले की लोक प्रत्येक ठिकाणी ‘एनए’ लिहून पुढे जातात. अडलेला माणूस दोन-तीन प्रश्नांपुरताच धीर धरतो. ते दोन-तीन कुठले, हे विचारणाऱ्याने ठरवायचं असतं. शेवटी कुठे क्लिक केलं आणि त्यानंतर पडद्यावर काय आलं, हा पहिला. हे आधी कधी नीट चालत होतं का, हा दुसरा. आवृत्ती आणि मशीन त्यानंतर. ‘तुम्ही काहीतरी चुकीचं दाबलं असेल’ हे कधीच नाही. ते ऐकल्यावर माणूस काय दाबलं ते सांगायचं थांबतो.

वाचकांपैकी बहुतेकांवर प्रश्न विचारायची नव्हे, तक्रार करायची वेळ येईल. तेव्हा पडद्याचा फोटो पूर्ण घ्या. एररची चौकट तेवढी कापून पाठवू नका, कारण वरचा पत्ता, खालची तारीख आणि कोपऱ्यातला आवृत्तीचा आकडा नेमका कापलेल्या भागात जातो. खाते क्रमांक किंवा आधार दिसत असेल तर तेवढाच झाका. आणि विंडोजवर संदेशाची छोटी चौकट आली तर `OK` दाबण्याआधी एकदा `Ctrl+C` दाबून पाहा. अशा बहुतेक साध्या चौकटींतला सगळा मजकूर कॉपी होतो आणि व्हॉट्सॲपवर तसाच पेस्ट करता येतो.